व्हॉइस नोट आणि सुटे मेसेज यांतून अपघाताचा एकसंध अहवाल कसा बांधावा

रात्रपाळीत अपघात झाला की सकाळी ऑफिसात बसणाऱ्याच्या हाती येतं ते असं: शिफ्टच्या ग्रुपवरच्या तीन-चार व्हॉइस नोट, त्यांतली एक कोंकणीत, एक हिंदीत. वॉचमनचा घाईत टाइप केलेला एक मेसेज. दोन फोटो, जे नेमके कधी काढले ते कोणी सांगत नाही. इलेक्ट्रिशियनचा फोन, ज्याची नोंदच कुठे नाही. आणि मॅनेजरचा प्रश्न, ‘अहवाल कधी देतोस?’ बहुतेक जण इथेच एक चूक करतात. सगळं एकदा ऐकून मनात एक गोष्ट तयार करतात आणि तीच लिहून काढतात. ती वाचायला छान वाटते, पण दोन महिन्यांनी ‘हे कशावरून?’ असं कोणी विचारलं की तिचा एकही सांधा टिकत नाही.

अहवालाचा कणा म्हणजे वेळेचा क्रम. आणि हा क्रम लावताना सगळ्यांत जास्त फसवते ती मेसेजखाली छापलेली वेळ. ती मेसेजची वेळ असते, घटनेची नव्हे. या लेखात बराचसा भर त्यावरच आहे.

समजावण्यासाठी एक घटना रचून घेतो. डिचोली औद्योगिक वसाहतीतलं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं एक छोटं युनिट. जुलै महिना, धो धो पाऊस. रात्री दहानंतर मागच्या रॅम्पवरून ट्रकमध्ये माल भरणं चालू आहे. लाइट जाते, जनरेटर आपोआप चालू होत नाही, आणि याच सुमारास हँड पॅलेट ट्रक ओढणारा लोडर घसरतो. त्याचा उजवा पाय चाकाखाली येतो. प्रश्न एकच, पण त्यावर पुढचं सगळं अवलंबून: तो पडला तेव्हा रॅम्पवर उजेड होता का? उजेड असेल तर उपाय रॅम्पच्या पृष्ठभागावर आणि काम करण्याच्या पद्धतीवर करायचे. नसेल तर जनरेटर आणि इमर्जन्सी दिवे आधी बघायचे.

आधी सगळं जसंच्या तसं गोळा करा

लिहायला बसण्याआधी सामान सुरक्षित करा, आणि हे त्याच रात्री किंवा फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी करा. ग्रुपवर डिसअपिअरिंग मेसेज चालू असतील तर ते बंद करा, आणि कोणीही काही डिलीट करू नये असं स्पष्ट सांगा. घाबरलेला माणूस आपला पहिला मेसेज पुसून टाकतो, कारण त्याला तो ‘चुकीचा’ वाटतो. तोच पहिला मेसेज तुमच्या सर्वांत कामाचा असतो.

त्यानंतर ग्रुपचं चॅट मीडियासकट बाहेर काढा. अँड्रॉइडवर ग्रुप उघडून वरच्या तीन टिंबांतून `Export chat` मिळतं. आयफोनवर ते ग्रुपच्या माहितीच्या पानावर तळाशी असतं. बाहेर आलेल्या मजकुराच्या फाइलीत ओळी अशा दिसतात:

```
18/07/25, 10:29 pm - Watchman: ramp var manus padla 108 la lavto
18/07/25, 10:34 pm - Supervisor: PTT-20250718-WA0007.opus (file attached)
```

अँड्रॉइडच्या फाइलीत फक्त मिनिटापर्यंत वेळ येते, तर आयफोनवरून काढलेल्या फाइलीत सेकंदही येतात. ग्रुपमध्ये कोणाकडे आयफोन असेल तर त्याच्याकडूनही एकदा चॅट काढून घ्या. अँड्रॉइडवरून काढलेल्या व्हॉइस नोटच्या फाइलीच्या नावात तारीख आणि अनुक्रमांक असतो, वेळ नसते. त्यामुळे फाइल वेगळी उचलून ठेवली आणि चॅटची मजकूर-फाइल हरवली तर वेळ गेलीच. दोन्ही एकत्रच ठेवा, आणि फाइलींची मूळ नावं बदलू नका.

फॉरवर्ड केलेली नोट पुरावा म्हणून फार कमजोर असते. सुपरवायझरने ट्रक ड्रायव्हरची नोट दुसऱ्या दिवशी सकाळी ८:१५ ला तुम्हाला पुढे पाठवली, तर तुमच्या फोनवर सुपरवायझरचं नाव आणि ८:१५ दिसणार. ड्रायव्हर कधी बोलला आणि कोणत्या प्रश्नाचं उत्तर म्हणून बोलला, हे दोन्ही गेलं. म्हणून मूळ चॅट ज्याच्या फोनवर आहे त्याच्याकडे जा. त्या चॅटचा मागचा-पुढचा भाग दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि नोट तिथूनच मिळवा. फोटोंचंही तसंच. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला की कॅमेऱ्याने नोंदवलेली वेळेची माहिती निघून जाते. ज्याने फोटो काढला त्याला तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे मूळ फाइल हाती येते.

सीसीटीव्हीचा डीव्हीआर जागा भरली की जुनं रेकॉर्डिंग पुसत नवीन लिहितो. किती दिवसांनी, ते डिस्कवर आणि कॅमेऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असतं, म्हणून वाट पाहू नका. घटनेच्या आधीचा अर्धा तास आणि नंतरचा एक तास पेनड्राइव्हवर काढून घ्या. गेटचं रजिस्टर, जनरेटरचं रजिस्टर आणि वॉचमनच्या फोनवरचा १०८ चा कॉल यांचेही फोटो घ्या.

प्रत्येक वस्तूला एक क्रमांक द्या: न१, न२, न३. वहीत किंवा एक्सेलमध्ये समोर लिहा, कोणाची, कोणत्या फोनवरून मिळाली, कधी मिळाली. पुढे अहवालातलं प्रत्येक वाक्य या क्रमांकाला बांधायचं आहे.

घड्याळं जुळवा

आपल्या उदाहरणात चार घड्याळं आहेत: फोनचं, डीव्हीआरचं, जनरेटरच्या खोलीतलं भिंतीवरचं आणि माणसाच्या मनातलं. यांपैकी फोनचं घड्याळ नेटवर्कवरून वेळ घेतं, म्हणून ते पाया धरायचं.

डीव्हीआरचा स्क्रीन आणि फोनचं घड्याळ एकाच फोटोत येतील असा फोटो काढा. समजा डीव्हीआरवर ९:२४ आहेत आणि फोनवर ९:१२, तर डीव्हीआर १२ मिनिटं पुढे आहे. पण एवढ्यावर थांबू नका. लाइट गेली तेव्हा डीव्हीआर बंद पडून पुन्हा चालू झालेला आहे. आतली बॅटरी कमजोर असेल तर बंद पडताना त्याचं घड्याळ सरकू शकतं, म्हणजे सकाळचा फरक रात्रीला लागू होईलच असं नाही. म्हणून लाइट जाण्याआधीची एखादी घटना शोधा जी दोन्हीकडे नोंदली आहे. इथे ट्रक गेटवर आला तेव्हा वॉचमनने ग्रुपवर त्याचा फोटो टाकला होता, ९:३८ ला. डीव्हीआरमध्ये तोच ट्रक गेटवर ९:५० ला दिसतो. फरक पुन्हा १२ मिनिटं. आता भरवसा ठेवता येतो.

डीव्हीआरचं रेकॉर्डिंग १०:३७:४० ला तुटतं. १२ मिनिटं वजा केली की खरी वेळ १०:२५:४०. मात्र वीज अचानक गेली की शेवटची काही सेकंदं डिस्कवर लिहिली जायची राहून जातात. म्हणून अहवालात ‘१०:२५:४०’ असं ठाम लिहू नका, ‘१०:२५ ते १०:२६ च्या दरम्यान’ लिहा. आणि एक गोष्ट विसरू नका: डीव्हीआर बंद पडला याचा अर्थ डीव्हीआरची वीज गेली एवढाच. रॅम्पवरचा दिवा वेगळ्या फेजवर असू शकतो, एक फेज जाऊन बाकीच्या राहू शकतात. इलेक्ट्रिशियनला विचारायलाच हवं. इथे तो सांगतो की वसाहतीतल्या इतर युनिटांचीही लाइट गेली होती आणि आपल्याकडे सगळंच बंद झालं होतं.

व्हॉइस नोटच्या बाबतीत मेसेजची वेळ ही पाठवण्याची वेळ असते, म्हणजे बोलणं संपल्यानंतरची. सुपरवायझरची नोट १०:३४ ची आणि ५२ सेकंदांची आहे, तर त्याने बोलायला १०:३३ च्या आसपास सुरुवात केली. फरक लहान दिसतो, पण एका मिनिटात लाइट येते आणि जाते अशा घटनेत तो मोजावा लागतो. मोबाइलचं नेटवर्कही त्याच वेळी गेलेलं असेल तर मेसेज अडकून राहतो. अशा वेळी पाठवणाऱ्याच्या फोनवर तो मेसेज दाबून धरा आणि माहिती बघा, पोचल्याची वेळ तिथे दिसते. पाठवण्याच्या आणि पोचण्याच्या वेळेत बरंच अंतर असेल तर त्या मेसेजची वेळ फक्त ‘याच्या आधी घडलं’ इतकंच सांगते.

आणि माणसाच्या मनातलं घड्याळ. इलेक्ट्रिशियन म्हणतो, ‘साडेदहाला लाइट गेली, पाच मिनिटांत जनरेटर मारला.’ डीव्हीआरप्रमाणे लाइट १०:२५ ला गेली. तो खोटं बोलत नाही. धावपळीत माणूस साडेदहा, पावणेअकरा असे गोल आकडेच सांगतो. जनरेटरच्या रजिस्टरात १०:३५ लिहिलंय, तेही नंतर भिंतीवरच्या घड्याळात बघून. डीव्हीआर पुन्हा रेकॉर्ड करायला लागतो तो खऱ्या वेळेप्रमाणे १०:३४ ला, आणि चालू व्हायला त्याला एक-दोन मिनिटं लागतात. म्हणजे वीज परत आली १०:३२ ते १०:३३ च्या सुमारास. सुपरवायझर १०:३३ ला बोलायला लागला आणि त्याच्या नोटीत ‘आतांच लायट आयल्या’ असं आहे. दोन वेगळ्या वाटांनी एकच वेळ निघाली की ती पक्की धरायला हरकत नाही.

ऐका आणि शब्दशः उतरवा

नोट पहिल्यांदा नुसती ऐका, काही लिहू नका. दुसऱ्यांदा थांबवत थांबवत जे बोललं तेच लिहा. तिसऱ्यांदा कागद समोर ठेवून ताडा. इअरफोन लावा, कारण पावसाच्या आवाजात ‘होता’ आणि ‘नव्हता’ यांतला ‘न’ सहज बुडतो, आणि संपूर्ण अहवाल त्या एका अक्षरावर फिरू शकतो. कळलं नाही तिथे [अस्पष्ट] लिहा आणि नोटीतली सेकंदं द्या. अंदाजाने शब्द भरू नका.

भाषा बदलू नका. गोव्यात एकाच शिफ्टमध्ये कोंकणी, मराठी, हिंदी, कन्नड सगळं चालतं. जे जसं बोललं ते तसंच देवनागरीत उतरवा आणि खाली मराठी अर्थ द्या. सुपरवायझरच्या नोटीतला मुख्य भाग असा:

‘पाटल्या रॅम्पार आपलो लोडर पडलो. पांय पॅलेटाच्या चाका सकयल आयलो. तो पडलो तेन्ना लायट नासली. आतांच लायट आयल्या. पांय मोडलो दिसता. रॅम्प सगळो ओलो.’

अर्थ: ‘मागच्या रॅम्पवर आपला लोडर पडला. पाय पॅलेटच्या चाकाखाली आला. तो पडला तेव्हा लाइट नव्हती. आत्ताच लाइट आली आहे. पाय मोडलेला दिसतो. रॅम्प सगळा ओला.’

ड्रायव्हरची नोट हिंदीत आहे: ‘वो फिसला तब बत्ती थी, मैंने शीशे में देखा।’

झाला ना घोळ? एक म्हणतो लाइट नव्हती, दुसरा म्हणतो होती. याकडे येऊच. त्याआधी प्रत्येक वाक्यापुढे एक खूण करा: बोलणाऱ्याने स्वतः पाहिलं, स्वतः ऐकलं, दुसऱ्याकडून कळलं, की अंदाज केला. ‘रॅम्प सगळो ओलो’ हे पाहिलेलं आहे, पण १०:३३ ला पाहिलेलं. ‘पांय मोडलो दिसता’ हा अंदाज आहे. अहवालात तो ‘फ्रॅक्चर’ म्हणून गेला आणि एक्स-रेमध्ये फक्त मुरगळ निघाली, तर तुमच्या बाकीच्या वाक्यांवरचाही विश्वास उडतो. डॉक्टरांचा कागद येईपर्यंत ‘उजव्या घोट्याला इजा’ एवढंच लिहा.

वेळेचा तक्ता

आता सगळं एका तक्त्यात मांडा. यात कारण लिहायचं नाही, मत लिहायचं नाही. फक्त काय घडलं आणि कशावरून.

| वेळ | काय घडलं | कशावरून |
|---|---|---|
| ९:३८ | ट्रक गेटवर आला | वॉचमनचा फोटो, डीव्हीआर |
| १०:२५ | लोडर भरलेलं पॅलेट घेऊन रॅम्पच्या वरच्या टोकाला उभा दिसतो | डीव्हीआर, वेळ दुरुस्त करून |
| १०:२५ ते १०:२६ | वीज गेली, रेकॉर्डिंग तुटलं | डीव्हीआर, इलेक्ट्रिशियन |
| १०:२५ ते १०:२९ | लोडर रॅम्पवर पडला, उजवा पाय चाकाखाली | खालचा मेसेज आणि वरची नोंद यांच्या मधला काळ |
| १०:२९ | वॉचमनचा ग्रुपवर मेसेज | चॅट |
| १०:३० | १०८ ला फोन | वॉचमनच्या फोनची नोंद |
| १०:३२ ते १०:३३ | जनरेटर हाताने चालू केला, वीज आली | डीव्हीआर, सुपरवायझरची नोट |
| १०:५१ | रुग्णवाहिका गेटवर | गेटचं रजिस्टर |
| १०:५२ | रॅम्पचा फोटो ग्रुपवर | चॅट |

चौथी ओळ बघा. पडण्याची नेमकी वेळ कोणाकडेच नाही. म्हणून ती दोन ठाम नोंदींच्या मध्ये बसवली. शेवटच्या फ्रेममध्ये लोडर उभा आहे, १०:२९ ला वॉचमन तो पडल्याचं कळवतो. म्हणजे तो रेकॉर्डिंग तुटल्यानंतर पडला. तोही क्षण नक्की सांगता येत नाही हे जसंच्या तसं राहू द्या. ‘सुमारे १०:२७’ असं सरासरी काढून लिहिण्याचा मोह होतो. लिहू नका. १०:२७ ला काही घडल्याचा एकही पुरावा नाही.

शेवटची ओळ का ठेवली? कारण त्या फोटोत रॅम्प चकचकीत ओला दिसतो आणि वाचणारा लगेच म्हणेल, बघा, पाणी होतं. फोटो घटनेनंतर पंचवीसेक मिनिटांनी ग्रुपवर आलाय आणि त्यात वरचा दिवा चालू आहे. मधल्या काळात कोणी रक्त धुवायला पाणी टाकलं का, पन्हाळीतून किती पाणी आलं, हे फोटो सांगत नाही. तक्त्यात वेळ लिहिली की त्या फोटोची मर्यादा आपोआप दिसते.

दोन माणसं उलट बोलतात तेव्हा

दोघांपैकी एकाला खोटं ठरवू नका, आणि दोघांचं मिळून मधलं काही तयार करू नका. दोघांना एकेकटं भेटा आणि त्यांनी काय पाहिलं ते नव्हे, तर ते कुठे होते ते आधी विचारा. दोघांना एकत्र बसवलं तर मोठ्या पदाचा माणूस जे म्हणेल त्याला दुसरा मान डोलावणार.

प्रश्न उघडे ठेवा. ‘लाइट गेली होती ना?’ असं विचारलं की उत्तर ‘होय’च येतं. ‘लोडर ओरडला तेव्हा तू कुठे होतास? तिथून काय दिसत होतं?’ असं विचारा. सुपरवायझर सांगतो की तो आत हॉलमध्ये होता, अंधार झाल्यावर मोबाइलचा टॉर्च लावला, आणि मग आरडाओरडा ऐकला. म्हणजे त्याने पडताना पाहिलं नाही, पण आवाज अंधारात ऐकला, हे पक्कं. डीव्हीआरमधल्या क्रमाशीही ते जुळतं.

ड्रायव्हर सांगतो की तो केबिनमध्ये होता, इंजिन चालू होतं. ‘कौनसी बत्ती?’ असं विचारल्यावर तो सांगतो, गाडीची मागची. रॅम्पच्या भिंतीवरचा दिवा त्याने पाहिलाच नव्हता. आरशात त्याला ट्रकच्या मागच्या दिव्यांच्या उजेडात लोडर दिसला. दोन्ही विधानं खरी निघाली, फक्त ती दोन वेगळ्या दिव्यांबद्दल होती. मूळ नोट शब्दशः ठेवली नसती, ‘ड्रायव्हरच्या म्हणण्याप्रमाणे लाइट होती’ एवढंच लिहिलं असतं, तर हा प्रश्न कोणाला सुचला नसता.

विचारलेला प्रश्न, मिळालेलं उत्तर, तारीख आणि वेळ, हे सगळं नवीन क्रमांक देऊन नोंदवा. जुनी नोट दुरुस्त करू नका. रात्री माणूस काय बोलला आणि दोन दिवसांनी काय बोलला, दोन्ही वेगवेगळं राहिलं पाहिजे.

जखमी माणसाचं म्हणणं शेवटी, पण न चुकता घ्या. डॉक्टरांची परवानगी असेल तेव्हा, त्याच्या भाषेत, जमल्यास त्याच्या ओळखीचा माणूस सोबत घेऊन. इथे लोडर सांगतो की तो उताराच्या खालच्या बाजूला उभा राहून पॅलेट ओढत होता. अंधार झाला, त्याने पाय टेकायला जागा शोधली आणि घसरला. भरलेल्या पॅलेटच्या खालच्या बाजूला माणूस असला की गाडी सुटली तर ती त्याच्याच अंगावर येते. ही गोष्ट आतापर्यंतच्या कुठल्याच मेसेजमध्ये नव्हती. अहवालातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा मुद्दा त्याच्याकडूनच आला.

लिहिताना

आता कुठे लिहायला बसा. पहिल्या परिच्छेदात घटना, जागा, वेळ, जखमी व्यक्तीची स्थिती आणि तातडीने काय केलं, एवढं. मग वेळेचा तक्ता. मग जे ठरलं ते, जे ठरलं नाही ते, आणि कारणांचा भाग. शेवटी नोंदींची यादी. एवढ्याने दोन-तीन पानं होतात, आणि तेवढीच असावीत.

भाषेचा फरक पाहा. मेसेजवरून थेट लिहिलेला परिच्छेद साधारण असा होतो:

‘रात्री साडेदहाच्या सुमारास लाइट गेल्याने व रॅम्प ओला असल्याने लोडर निष्काळजीपणे पॅलेट ओढताना पडला व त्याचा पाय मोडला. जनरेटर पाच मिनिटांत चालू करण्यात आला.’

हाच मजकूर नोंदींना बांधून:

‘१०:२५ ते १०:२६ च्या दरम्यान युनिटची वीज गेली (न६, न२). त्यानंतर १०:२९ च्या आत लोडर मागच्या रॅम्पवर पडला आणि त्याचा उजवा पाय पॅलेट ट्रकच्या चाकाखाली आला (न१, न३, न६). त्या वेळी रॅम्पवरचा दिवा बंद होता. उभ्या ट्रकचे मागचे दिवे चालू होते (न१, न८, न९). लोडर उताराच्या खालच्या बाजूने पॅलेट ओढत होता (न१०). वीज १०:३२ ते १०:३३ ला परत आली, म्हणजे सुमारे सात मिनिटं रॅम्पवर दिवा नव्हता (न१, न६).’

‘निष्काळजीपणे’ हा शब्द गेला, कारण तो कोणी पाहिलेला नाही, लिहिणाऱ्याने भरलेला आहे. ‘पाच मिनिटं’ची ‘सात’ झाली. ‘चालू करण्यात आला’ यात कोणी केला ते लपतं, म्हणून कर्ता असलेलं वाक्य लिहा: इलेक्ट्रिशियनने हाताने चालू केला. माणसाचं नाव न देता हुद्दा लिहिला तरी चालतं, पण हुद्दा हवाच.

‘जे ठरलं नाही’ हा भाग लिहायला लोक कचरतात. मला तो अहवालातला सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो. आपल्या घटनेत तो असा: पडताना रॅम्प किती ओला होता हे ठरत नाही. ट्रकच्या मागच्या दिव्यांचा उजेड पॅलेट ओढणाऱ्याच्या पायापर्यंत पोचत होता का, हे ठरत नाही. लाइट गेली की जनरेटर आपोआप चालू करणारा ऑटो चेंजओव्हर का चालला नाही, हे इलेक्ट्रिशियनच्या तपासणीशिवाय सांगता येत नाही. प्रत्येकापुढे कोण तपासणार आणि कधीपर्यंत, ते लिहा. उजेडाचं तर एका रात्रीत कळेल: रॅम्पचा दिवा बंद करून तसाच ट्रक त्याच जागी उभा करा आणि रिकाम्या रॅम्पवर बघा.

कारणं लिहिताना प्रत्येक कारण तक्त्यातल्या एखाद्या ओळीवर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. ते जमत नसेल तर कारण खोडा.

दाखवा, सही घ्या, जिथे द्यायचा तिथे द्या

पक्का करण्याआधी ज्याच्या बोलण्याचा जेवढा भाग अहवालात आहे तेवढा त्याला वाचून दाखवा. पूर्ण अहवाल नव्हे. ज्याला वाचता येत नाही त्याला त्याच्या भाषेत सांगा. तो म्हणाला ‘असं नव्हतं’, तर त्याची दुरुस्ती नवीन नोंद म्हणून जोडा आणि सही घ्या.

अहवाल तयार झाला की तो ग्रुपवर टाकू नका. जखमी माणसाचा फोटो, आधार कार्ड, दवाखान्याचे कागद यांतलं काहीही ग्रुपवर राहू देऊ नका. आधीच कोणी टाकलं असेल तर तुमची प्रत सुरक्षित करून मगच काढायला सांगा.

कायद्याचा भाग याच्याशी जोडलेला आहे, म्हणून अहवाल पूर्ण होण्याची वाट बघत बसू नका. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ८८ मध्ये मृत्यू झाला, किंवा इजेमुळे माणूस ४८ तास किंवा अधिक कामावर येऊ शकला नाही, तर सूचना देण्याची जबाबदारी होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० च्या कलम १० मध्येही कसोटी तीच, ४८ तासांची. गोव्यात हे काम बघणारं कारखाने आणि बाष्पके निरीक्षणालय पणजीत आल्तिनोला आहे. नमुना आणि मुदत तिथूनच खात्री करून घ्या. कामगार ईएसआयमध्ये असेल तर त्यांचा अपघात अहवाल वेगळा जातो. दोन्ही ठिकाणी सुरुवातीची सूचना छोटी द्यावी, फक्त पक्क्या ओळी घेऊन. आपल्या घटनेत त्या म्हणजे वीज गेल्याची वेळ, १०:२९ चा मेसेज, १०८ चा फोन आणि रुग्णवाहिकेची वेळ. बाकीचं ‘तपास चालू’ म्हणून ठेवा. नाहीतर घाईत दिलेल्या सूचनेत ‘रॅम्प ओला असल्याने’ असं कारण जातं आणि नंतरचा सविस्तर अहवाल त्याच्याशी भांडतो.

मूळ फाइलींची एक प्रत ऑफिसच्या संगणकावर आणि एक वेगळ्या पेनड्राइव्हवर कपाटात ठेवा, त्यासोबत क्रमांकांची यादी छापून. डॉक्टरांचा अंतिम कागद किंवा इलेक्ट्रिशियनची तपासणी नंतर आली, तर जुन्या अहवालात खाडाखोड न करता ‘आवृत्ती २’ करा. काय बदललं आणि कोणत्या नोंदीमुळे, हे पहिल्या पानावर दोन ओळींत लिहा, आणि ज्याला ज्याला पहिली प्रत दिली होती त्या प्रत्येकाला दुसरीही पाठवा.